एबीजी वाचताना अडतं कुठे? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग आणि नॉरसेटची तयारी करणाऱ्यांकडून परीक्षा जवळ आली की तेच तेच प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. pH, PaCO2, HCO3 ही नावं मशीनच्या कागदावर दिसतात तशीच ठेवली आहेत. उदाहरणांतले रुग्ण शिकवण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांचे आकडे एकमेकांशी जुळणारे आहेत. कॅल्क्युलेटर घेऊन तपासून बघा.

१. मॅडम, नेमके किती आकडे पाठ करायचे? प्रत्येक पुस्तकात थोडे वेगळे दिसतात.

तीन आकडे डोळे मिटून सांगता आले पाहिजेत. pH ७.३५ ते ७.४५, PaCO2 ३५ ते ४५ मिलिमीटर पारा आणि HCO3 २२ ते २६ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. चौथा PaO2, तो ८० ते १००. पण आम्ल-अल्काच्या उत्तराशी त्याचा थेट संबंध नाही, तो ऑक्सिजनची वेगळी गोष्ट सांगतो. प्रश्नात PaO2 दिला असेल तर आधी पहिल्या तिघांचं उत्तर काढा, मग त्याच्याकडे वळा.

काही पुस्तकांत HCO3 २१ ते २८ असाही दिसतो. त्यावरून घोळ घालू नका, परीक्षेत सहसा इतके काठावरचे आकडे देत नाहीत. या मर्यादांबरोबर त्यांचे मध्यबिंदूही लक्षात ठेवा: ७.४०, ४० आणि २४. पुढची सगळी गणितं या मध्यबिंदूंपासून सुरू होतात.

२. कार्बन डायऑक्साइड तर वायू आहे. मग तो वाढला की रक्त आम्लधर्मी का होतं?

सोड्याच्या बाटलीतल्या पाण्यात हाच वायू विरघळवलेला असतो आणि ते पाणी जिभेला किंचित आंबट लागतं. रक्तातही तेच होतं. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक ॲसिड बनतं आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. म्हणून PaCO2 म्हणजे आम्ल असं धरा. त्याचा ताबा फुप्फुसांकडे असतो. श्वास कमी झाला की आम्ल साठतं, श्वास वाढला की बाहेर पडतं, आणि हा फरक काही मिनिटांत दिसतो.

HCO3 म्हणजे अल्क, आम्लाला शोषून घेणारा. त्याचा ताबा मूत्रपिंडांकडे. पण मूत्रपिंडं सावकाश काम करतात, त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस जातात. वेगातला हा फरक नीट समजला की प्रश्न ४ आणि प्रश्न १० मधलं निम्मं काम आपोआप होतं.

३. कागद हातात आला की सुरुवात कुठून करायची? मी तिन्ही आकडे एकदम बघते आणि गोंधळते.

आधी फक्त pH बघा. बाकीचे दोन आकडे बोटाने झाका हवं तर, मी वर्गात खरंच झाकायला लावते. ७.३५ च्या खाली असेल तर ॲसिडोसिस, ७.४५ च्या वर असेल तर अल्कलोसिस. उत्तराचा अर्धा शब्द तुमच्या हातात आला.

आता बोट काढा आणि दोघांपैकी दोषी कोण ते शोधा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तू एकटा असतास तर pH याच दिशेला नेला असतास का? समजा pH ७.३०, PaCO2 ५४, HCO3 २६ आहे. रक्त आम्लधर्मी आहे. PaCO2 वाढला, म्हणजे आम्ल वाढलं, म्हणजे तो pH खालीच नेणार. HCO3 मर्यादेत आहे, त्याचा काही दोष नाही. दोषी PaCO2, म्हणून रेस्पिरेटरी ॲसिडोसिस. HCO3 अजून हललेला नाही, म्हणून अनकॉम्पेन्सेटेड. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन जास्त झालेला आणि मिनिटाला आठ श्वास घेणारा रुग्ण असाच दिसतो.

‘रोम’ नावाची युक्ती बऱ्याच जणांना पाठ असते: रेस्पिरेटरीत pH आणि PaCO2 विरुद्ध दिशेला जातात, मेटाबॉलिकमध्ये pH आणि HCO3 एकाच दिशेला. युक्ती बरोबर आहे. फक्त दोन दोष एकत्र आले की ती पहिल्या दोषापाशीच थांबते आणि दुसरा दाखवत नाही (प्रश्न ९).

४. अनकॉम्पेन्सेटेड, पार्शली आणि फुली कॉम्पेन्सेटेड यांत दर वेळी चूक होते. सोपी ओळख काय?

दोषी सापडल्यावर उरलेल्या आकड्याकडे बघा. तो मर्यादेतच असेल तर भरपाई सुरू झालेली नाही: अनकॉम्पेन्सेटेड. तो मर्यादेबाहेर गेला आहे, pH ला मधे ओढायचा प्रयत्न करतो आहे, पण pH अजून बिघडलेलाच आहे: पार्शली. तो मर्यादेबाहेर आहे आणि pH ७.३५ ते ७.४५ मध्ये परत आला आहे: फुली.

उलट्यांनी बेजार झालेल्या रुग्णाचा नमुना घ्या. pH ७.५०, PaCO2 ४८, HCO3 ३६. जठरातलं आम्ल उलटीतून गेलं, अल्क उरलं, म्हणून मेटाबॉलिक अल्कलोसिस. फुप्फुसांनी श्वास जरा मंदावून आम्ल धरून ठेवलं, PaCO2 ४८ पर्यंत आला. तरी pH वरच, म्हणून पार्शली कॉम्पेन्सेटेड. इथे फुप्फुसांकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. श्वास फारच मंदावला तर ऑक्सिजनही कमी होईल, आणि शरीर ते होऊ देत नाही.

५. फुली कॉम्पेन्सेटेडमध्ये pH तर नॉर्मल असतो. मग मूळ आजार कोणता, हे कशावरून ठरवायचं?

७.४० ची रेघ ओढा. pH मर्यादेत असला तरी रेघेच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. शरीराची भरपाई pH ला रेघेकडे आणते, रेघ ओलांडून पलीकडे नेत नाही. त्यामुळे ७.४० च्या खाली असेल तर मूळ दोष ॲसिडोसिसचा, वर असेल तर अल्कलोसिसचा.

वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, आता सीओपीडी असलेल्या आजीबाईंचा नमुना: pH ७.३६, PaCO2 ५८, HCO3 ३२. pH मर्यादेत आहे, पण रेघेच्या आम्लाकडच्या बाजूला. आम्ल वाढवणारा आकडा PaCO2. म्हणून फुली कॉम्पेन्सेटेड रेस्पिरेटरी ॲसिडोसिस. बिघाड जुना आहे हेही यातून कळतं, कारण HCO3 ३२ पर्यंत चढवायला मूत्रपिंडांना दिवस लागले आहेत.

६. HCO3 वाढलेला दिसला की अल्कलोसिस म्हणायचं ना? एवढं तरी सरळ आहे ना?

नाही. आणि ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नव्हे.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज रुग्णांची रीघ लागत होती. श्वास किंवा गिळणं लकव्यात गेलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दाखल झाल्यापासून तीन दिवसांत दगावले. प्रयोगशाळेत तेव्हा रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजला जाई, आणि त्याचा बहुतांश भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो. तो आकडा खूप वाढलेला येत होता. डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला की हा कुठलातरी अनाकलनीय अल्कलोसिस आहे.

ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णांचा श्वास पुरेसा होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतोय, आणि बायकार्बोनेट त्याच्यामागून वाढलंय. म्हणजे रक्त अल्कधर्मी नाही, उलट आम्लधर्मी आहे. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन त्यांनी नळी बसवली आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. साठलेला वायू उतरला आणि मुलगी सावरली. पुढचे कित्येक महिने सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या पॉल ॲस्ट्रुप यांनी त्यानंतर pH वरून PaCO2 काढण्याची पद्धत बसवली. आज कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून येतात त्याची सुरुवात तिथली.

परीक्षेत हाच सापळा लहान रूपात येतो. HCO3 ३२ एवढंच दाखवून ‘कोणता बिघाड?’ असं विचारतात आणि मेटाबॉलिक अल्कलोसिस हा पर्याय पहिला ठेवतात. pH कळल्याशिवाय ३२ चा अर्थ लागत नाही. प्रश्न ५ मधल्या आजीबाईंचाही HCO3 ३२ च आहे.

७. ‘विंटर्स फॉर्म्युला’ फक्त डॉक्टरांसाठी असतो का? आम्हाला त्याचा उपयोग काय?

सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच, कारण रुग्णाच्या उशाशी तुम्ही असता. या एका प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा देते.

मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये फुप्फुसांनी PaCO2 किती खाली आणायला हवा, हे सूत्र सांगतं:

अपेक्षित PaCO2 = (१.५ × HCO3) + ८, दोन कमी किंवा दोन जास्त

आता केस बघा. एकोणीस वर्षांची मुलगी, टाइप १ मधुमेह. तीन दिवस ताप, जेवण जात नाही म्हणून घरच्यांनी इन्सुलिन बंद ठेवलं. पोटात दुखतंय, उलट्या होताहेत, श्वास खोल आणि मिनिटाला ३४. ग्लुकोज ४८०. नमुना आला: pH ७.१४, PaCO2 १८, HCO3 ६.

pH खाली, ॲसिडोसिस. PaCO2 कमी, म्हणजे आम्ल बाहेर टाकलं जातंय, तो दोषी नाही. HCO3 ६ वर आलाय, दोषी तोच. मेटाबॉलिक ॲसिडोसिस, पार्शली कॉम्पेन्सेटेड. बहुतेक पुस्तकं इथे थांबतात. आपण सूत्र लावू. सहाची दीडपट नऊ, अधिक आठ, सतरा. म्हणजे PaCO2 १५ ते १९ असायला हवा. तो १८ आहे. फुप्फुसं त्यांचं काम पूर्ण करताहेत. ज्या खोल, जलद श्वासाला आपण कुसमॉल म्हणतो तो या आकड्यामागे आहे. तो थांबवायचा नसतो. ‘बाळा, हळू श्वास घे’ असं समजावणं किंवा गुंगीचं औषध मागणं इथे धोक्याचं.

दोन तासांनी मुलगी झोपाळू झाली. श्वास १८ वर आला. नातेवाइकांना हायसं वाटलं, ‘आता शांत झोपलीय’. दुसरा नमुना: pH ७.०३, PaCO2 २७, HCO3 ७. मशीनने PaCO2 पुढे ‘कमी’ अशीच खूण केली आहे, कारण २७ हा ३५ च्या खाली आहे. पण सूत्र लावा. सातची दीडपट साडेदहा, अधिक आठ, साडेअठरा. PaCO2 फार तर साडेवीसपर्यंत हवा होता, तो २७ आहे. म्हणजे या मुलीसाठी २७ हा वाढलेला आकडा आहे. मेटाबॉलिक ॲसिडोसिसवर आता रेस्पिरेटरी ॲसिडोसिस चढला आहे, कारण ती थकली आहे किंवा शुद्ध हरपत चालली आहे. HCO3 सहाचा सात झाला म्हणून ‘सुधारणा’ लिहिणाऱ्याने pH पाहिलेलाच नाही.

इथे नर्सचं काम: श्वासमार्ग मोकळा आहे का ते बघणं, शुद्धीची पातळी मोजणं, डॉक्टरांना ताबडतोब बोलावणं आणि श्वासाला आधार देण्याची साधनं उशाशी आणून ठेवणं. फोनवर सांगताना ‘pH ७.०३, श्वास ३४ वरून १८, झोपाळू, PaCO2 १८ वरून २७’ असा बदल सांगा. नुसता ‘PaCO2 २७’ सांगितला तर पलीकडच्याला तो कमीच वाटेल.

याच केसवर पोटॅशियमचाही प्रश्न येतो. सुरुवातीला पोटॅशियम नॉर्मल किंवा थोडं जास्त दिसतं, कारण आम्ल वाढलं आणि इन्सुलिन नाही म्हणून ते पेशींतून रक्तात आलेलं असतं. शरीराचा एकूण साठा मात्र लघवीवाटे घटलेला असतो. इन्सुलिन सुरू झालं की ते पुन्हा पेशींत शिरतं आणि रक्तातला आकडा कोसळतो. म्हणून ‘इन्सुलिन ड्रिप सुरू केल्यावर कशावर लक्ष ठेवाल?’ या प्रश्नात ग्लुकोजच्या जोडीला पोटॅशियम आणि मॉनिटरवरचा हृदयाचा ताल येतोच.

८. दम्याच्या झटक्यात PaCO2 ४० आला. नॉर्मल आहे, मग उत्तरात ‘तातडीने कळवा’ का दिलंय?

प्रश्न ७ चाच विचार, फक्त सूत्राशिवाय. दम्याचा जोराचा झटका आलेला माणूस धापा टाकतो. मिनिटाला ३५ श्वास घेणाऱ्याचा PaCO2 सुरुवातीला ४० च्या खाली, तीसच्या आसपास असायला हवा. तो इतकी धाप लागूनही ४० असेल, तर हवा आत-बाहेर पुरेशी होत नाही आणि स्नायू थकत आले आहेत. पुढचा नमुना ५० चा असू शकतो.

याच रुग्णाच्या छातीतली घरघर ऐकू येईनाशी झाली, तर तेही सुधारणेचं लक्षण धरू नका. आवाज यायलाही हवा वाहावी लागते. ‘सगळ्यात आधी कोणत्या रुग्णाकडे जाल?’ या प्रकारच्या प्रश्नांत हा रुग्ण फार वेळा असतो, आणि त्याचे तिन्ही आकडे नॉर्मल दिले म्हणून विद्यार्थी त्याला शेवटी ठेवतात.

९. pH नॉर्मल आहे, पण PaCO2 आणि HCO3 दोन्ही खूप बिघडलेत. हे फुली कॉम्पेन्सेटेड की मिक्स्ड?

इथे प्रश्न ५ ची रेघ पुरत नाही. उदाहरण: जुन्या सांधेदुखीसाठी ॲस्पिरिनच्या भरपूर गोळ्या एकदम घेतलेला माणूस, काही तासांनी दाखल झालेला. कानात आवाज, घाम, धाप. pH ७.४१, PaCO2 १८, HCO3 ११.

रेघेच्या नियमाने उत्तर येईल ‘फुली कॉम्पेन्सेटेड रेस्पिरेटरी अल्कलोसिस’. आता वेळ आणि मात्रा तपासा. HCO3 ११ पर्यंत उतरवायला मूत्रपिंडांना दिवस लागले असते, इथे तर काही तासच झालेत. उलट बाजूने बघा: मूळ दोष मेटाबॉलिक ॲसिडोसिस धरला तर विंटर्सच्या सूत्राने PaCO2 साडेचोवीसच्या आसपास हवा होता. तो १८, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच कमी. दोन्ही बाजूंनी हिशेब फसतो. म्हणून हा मिक्स्ड बिघाड: ॲस्पिरिन मेंदूतल्या श्वसनकेंद्राला डिवचतं त्यामुळे रेस्पिरेटरी अल्कलोसिस, आणि चयापचय बिघडवून आम्लं साठवतं त्यामुळे मेटाबॉलिक ॲसिडोसिस. दोघांनी pH ला विरुद्ध दिशांनी ओढलं आणि तो मधोमध राहिला.

दुसऱ्या प्रकारचा मिक्स्ड ओळखायला सोपा आहे. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाचा नमुना: pH ७.०६, PaCO2 ६२, HCO3 १७. दोघेही pH ला खालीच ओढताहेत, भरपाई करणारं कुणीच नाही. दोन्ही आकडे एकाच गुन्ह्यात सापडले की ‘पार्शली कॉम्पेन्सेटेड’ हा पर्याय लगेच खोडा.

१०. सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन देऊच नये असं वॉर्डात ऐकलंय. एबीजीवरून काय ठरवायचं?

‘देऊच नये’ हे चूक. ऑक्सिजनची कमतरता माणसाला आधी मारते. पण तो मोजून द्यायचा असतो. ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांच्यासाठी सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य असतं. त्यांना ९९ वर नेऊन ठेवलं की PaCO2 आणखी चढू शकतो आणि रुग्ण गुंगीत जातो.

एबीजीत बघायचं ते हे, की बिघाड जुना आहे की जुन्यावर नवा. जुन्या बिघाडात PaCO2 दर दहाने वाढला की HCO3 साधारण चाराने वाढलेला असतो. नव्या, काही तासांच्या बिघाडात फक्त एकाने. प्रश्न ५ मधल्या आजीबाई आठवड्याभराने छातीत कफ भरून परत आल्या: pH ७.२८, PaCO2 ७८, HCO3 ३६. ४० पासून PaCO2 ३८ ने वाढलाय. सगळं जुनंच असतं तर HCO3 ३९ च्या आसपास असता, सगळं नवं असतं तर २८ च्या आसपास. तो मधे आहे. म्हणजे जुन्या साठ्यावर नवा साठा. आजींचा नेहमीचा PaCO2 ५८ होता हे जुन्या फाइलमधून काढून देणारी सिस्टर इथे डॉक्टरांचं मोठं काम करते, कारण उपचाराचं ध्येय ४० नसतं, त्यांचा नेहमीचा आकडा असतो.

११. ॲनायन गॅप कधी काढायचा? आणि जुलाबात तो नॉर्मल का येतो?

मेटाबॉलिक ॲसिडोसिस सापडला की काढायचा, कारण शोधायला मदत होते. सोडियममधून क्लोराइड आणि HCO3 यांची बेरीज वजा करा. ८ ते १२ हा नेहमीचा आकडा. प्रश्न ७ मधल्या मुलीचं सोडियम १३२, क्लोराइड ९८, HCO3 ६ धरा. १३२ वजा १०४ म्हणजे २८. गॅप वाढलाय, म्हणजे रक्तात नवीन आम्ल भरलं आहे. तिच्या बाबतीत किटोन, दुसऱ्या कुणात लॅक्टिक ॲसिड किंवा विषबाधा असू शकते.

जुलाबात नवीन आम्ल आलेलं नसतं. आतड्यातून अल्क वाहून जातं आणि त्याची जागा क्लोराइड भरून काढतं, त्यामुळे वजाबाकी जिथल्या तिथे राहते. उलटी आणि जुलाब यांची अदलाबदल करणाऱ्यांनी एवढंच आठवावं: वरून आम्ल जातं, खालून अल्क जातं.

१२. नमुना घेताना कोणत्या चुकांनी आकडे बदलतात? तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

आधी हाताचं. मनगटातल्या रेडियल धमनीतून घेण्यापूर्वी ॲलनची चाचणी: रुग्णाला मूठ आवळायला सांगा, दोन्ही धमन्या दाबा, मूठ उघडल्यावर तळवा पांढरा दिसेल, मग करंगळीकडची अल्नर धमनी सोडा. साधारण ५ ते १५ सेकंदांत तळवा लाल झाला तर त्या हातातून घ्यायला हरकत नाही. अहवालात ‘पॉझिटिव्ह’ असं मोघम लिहू नका, त्या शब्दाचा अर्थ सगळे सारखा लावत नाहीत. ‘अल्नर रक्तप्रवाह चांगला’ असं लिहा. नमुन्यानंतर किमान पाच मिनिटं दाबून धरायचं, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखी जास्त. ऑक्सिजन बदलला किंवा सक्शन केलं असेल तर आधी वीसेक मिनिटं थांबा.

आता सिरिंजचं. हवेचा बुडबुडा राहिला तर नमुना खोलीतल्या हवेशी जुळवून घेतो. हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य, म्हणून PaCO2 खोटा कमी आणि pH खोटा जास्त. ऑक्सिजनचा दाब हवेत दीडशेच्या आसपास, म्हणून कमी असलेला PaO2 खोटा चांगला दिसतो. उशीर झाला तर उलट. सिरिंजमधल्या रक्तपेशी जिवंत असतात, ऑक्सिजन वापरत राहतात आणि आम्ल सोडत राहतात: PaO2 कमी, PaCO2 जास्त, pH कमी. म्हणून प्लास्टिकच्या सिरिंजमधला नमुना अर्ध्या तासात मशीनवर गेला पाहिजे. द्रव हिपॅरिन सिरिंजमध्ये जास्त राहिलं तर रक्त पातळ होतं आणि PaCO2 आणि HCO3 दोन्ही खोटे उतरतात.

नवखी असताना मी एक नमुना ॲप्रनच्या खिशात ठेवून आधी दुसऱ्या रुग्णाचं सलाइन बदलायला गेले होते. अंगाच्या उबेत तो जवळपास तासभर राहिला. आलेला PaO2 पाहून धावाधाव झाली आणि रुग्ण मात्र खाटेवर बसून चहा पीत होता.

१३. आकडे बरोबर आहेत की लिहिताना चुकले, हे तपासता येतं का?

येतं. २४ ला PaCO2 ने गुणा आणि HCO3 ने भागा. जे येईल ते, ८० मधून pH चे शेवटचे दोन अंक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येच्या जवळ असायला हवं. प्रश्न ३ मध्ये pH ७.३०, म्हणजे ८० वजा ३०, पन्नास. दुसरीकडे २४ गुणिले ५४ भागिले २६, जवळपास पन्नास. जुळलं. कुणी PaCO2 ५४ च्या जागी ३० लिहिला असता तर २८ आलं असतं, म्हणजे कुठेतरी चूक आहे. हा आडाखा pH ७.२० ते ७.५० च्या दरम्यान चालतो, त्यापलीकडे नाही.

१४. नमुना चुकून शिरेतून आला असेल तर कसं कळेल?

PaO2 चाळीसच्या आसपास आणि बोटावरचं सॅच्युरेशन मात्र ९६ असेल, रुग्णही बरा दिसत असेल, तर शिरेचाच नमुना. तो पूर्ण वाया जात नाही. शिरेतला pH साधारण ०.०३ ने कमी आणि कार्बन डायऑक्साइड पाचेकने जास्त असतो, HCO3 जवळपास तोच. त्यामुळे मधुमेहाच्या किटोॲसिडोसिसमध्ये pH वर नजर ठेवायला बऱ्याच ठिकाणी मुद्दाम शिरेतूनच घेतात आणि रुग्णाला वारंवार धमनीत टोचणं टळतं. ऑक्सिजनबद्दल मात्र त्यावरून काहीही बोलू नका. रक्ताभिसरण ढासळलेल्या रुग्णात कार्बन डायऑक्साइडचा अंदाजही फसतो.

१५. मी ब्रिटनची तयारी करतेय. तिथल्या सराव प्रश्नांत PaCO2 ५.३ दिसला. हा रुग्ण जिवंत कसा?

तिथे किलोपास्कल वापरतात. ७.५ ने गुणा: ५.३ म्हणजे आपले ४०. नॉर्मल ४.७ ते ६.० आणि सीओपीडीचा ८ म्हणजे आपले ६०. pH आणि HCO3 चे आकडे दोन्हीकडे सारखेच. विंटर्सचं सूत्र मात्र मिलिमीटर पाऱ्यासाठी आहे, म्हणून आधी गुणून घ्या, मगच लावा.